कांजिण्या : शाळेत परत कधी पाठवायचे?

(एका शाळेतील दुसरीच्या वर्गाच्या पालकांना लिहिलेले हे पत्र. या दिवसांत इतर पालकांनाही उपयोगी पडेल.)

पालकहो,

आपल्या वर्गातील एका मुलाच्या अंगावर काल, रविवारी 8 फेब्रुवारीला, कांजिण्यांचे फोड दिसले. तेव्हापासून दोनच प्रश्न मला विचारले जात आहेत : ‘त्याला किती दिवस घरी ठेवायचे?’ आणि ‘आमच्या मुलालाही घरीच ठेवू का?’

पहिल्याचे उत्तर दिवसांत नाही, फोडांकडे पाहून द्यायचे असते. कांजिण्यांचे पुरळ एकदम येत नाही. तीन-चार दिवस नवे नवे येत राहते. लाल ठिपका, मग पाण्याचा फोड, मग खपली, असा प्रत्येकाचा प्रवास असतो. त्यामुळे एकाच पोटावर तिन्ही अवस्था दिसतात. संसर्ग फोडातल्या पाण्यातून आणि श्वासावाटे पसरतो. शेवटच्या फोडावर खपली धरली की मूल शाळेत येऊ शकते. याला साधारण पाच ते सात दिवस लागतात. खपल्या गळून पडायची वाट पाहू नका. ताप गेला, पण डोक्यात किंवा पाठीवर एखादा ओला फोड आहे, तर मात्र अजून घरीच ठेवा. लस घेतलेल्या मुलाला कधी थोडेच ठिपके येतात आणि खपली धरतच नाही. तिथे 24 तासांत नवा ठिपका आला नाही, हे पाहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ असे आहे. फोड दिसण्याआधी एक-दोन दिवस मूल संसर्ग पसरवत असते. म्हणजे हा मुलगा शुक्रवारी आणि शनिवारी वर्गात बसला, तेव्हाच जे व्हायचे ते होऊन गेले. आजार बाहेर पडायला 10 ते 21 दिवस लागतात. त्यामुळे तुमच्या मुलाला लागण झाली असेल, तर फोड 16 ते 28 फेब्रुवारीच्या दरम्यान दिसतील. तोवर शाळेत पाठवा, पण त्या दिवसांत रोज सकाळी अंघोळीच्या वेळी पोट, पाठ आणि केसांची मुळे नीट पाहा. एक जरी फोड दिसला, तर चाचणी परीक्षा असली तरी पाठवू नका आणि शाळेला कळवा.

हे लपवू नका, कारण वर्गातील सर्वांनाच हा आजार सोपा जात नाही. गर्भवती शिक्षिका किंवा आई, कर्करोगावरचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू असलेले मूल, यांना तो जिवावर बेतू शकतो. अशा घरांनी आजच डॉक्टरांना फोन करावा. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, हे आठवावे. संसर्गानंतर दहा दिवसांच्या आत संरक्षक इंजेक्शन देता येते. बाकीच्या ज्या मुलांनी लस घेतलेली नाही, त्यांना बुधवारपर्यंत दिल्यास आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता असते. ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे लसीचे कार्ड काढून खात्री करा.

घरी काय करायचे? रोज कोमट पाण्याने अंघोळ घाला. ‘देवी आल्या, पाणी लावू नका’ हा समज सोडा. न धुतलेल्या त्वचेवरच जखमा पिकतात. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. नखे कापा, खाजेवर कॅलामाइन लावा, सैल सुती कपडे घाला. तोंडात फोड असतील, तर ताक, पेज किंवा मऊ भात द्या. मीठ तोडायची गरज नाही.

तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. वजनाच्या प्रत्येक किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला एका वेळी 300 मिलिग्रॅम. बाटलीवर ‘5 मिलीत 250 मिलिग्रॅम’ असे असेल, तर ते 6 मिली होते. दोन डोसांत सहा तास ठेवा. अॅस्पिरिन मुळीच नको, कारण त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळा. कांजिण्यांत त्याचा त्वचेखालच्या गंभीर जंतुसंसर्गाशी संबंध आढळला आहे.

बहुतेक मुले आठवड्यात बरी होतात. पण चार दिवसांनंतरही ताप उतरला नाही किंवा उतरून पुन्हा चढला, एखाद्या फोडाभोवतीची जागा लाल, गरम आणि दुखरी होऊन पसरू लागली, मूल चालताना झोकांड्या देऊ लागले, सारखे झोपाळू राहिले, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दाखवा. रात्र काढू नका.

घरातल्या लहान भावंडाने लस घेतली नसेल, तर बहुधा पुढची पाळी त्याची. घरातल्या दुसऱ्या मुलाला आजार अनेकदा जास्त जोरात येतो. म्हणून त्याचा पहिला फोड दिसला की लगेच फोन करा. विषाणूविरोधी औषध द्यायचेच झाले, तर पहिल्या 24 तासांत सुरू केलेले अधिक उपयोगी पडते.

आपला,
बालरोगतज्ज्ञ