गच्चीवरच्या उन्हाचे नाव

गच्चीवर सोलर बसवून देणाऱ्या कंपनीचे नाव घरमालकाच्या कानावर बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या तोंडून पडते. समोरच्या बंगल्यावर निळसर काळे पॅनेल दिसतात, त्यांच्या मालकाचे लाइट बिल कमी झाल्याची चर्चा होते आणि कोणीतरी विचारते, "तुमच्याकडे कोणी बसवलं?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून जे दोन-तीन शब्द येतात, ते त्या कंपनीचे खरे नाव. माणसे सहज उच्चारतील आणि दुसऱ्या दिवशीही आठवतील असेच ते असले पाहिजे. 'फोटोव्होल्टाइक', 'ग्रीनटेक', 'रिन्यूएबल सोल्युशन्स' हे शब्द नेमके इथे गळून पडतात. शेजारी ते सांगत नाही, "तो स्टेशन रोडवरचा सोलरवाला" एवढेच सांगतो.

नाव ठरवण्यापूर्वी घरमालक काय विकत घेतो ते पाहावे लागते. 3 किलोवॉटच्या संचाला साधारण 300 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने त्यातून दिवसाला सुमारे 12 युनिट वीज मिळते. 2024 साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत एवढ्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. तरीही उरलेली रक्कम मध्यमवर्गीय घराला मोठीच वाटते, आणि ती खर्चताना घरात दोन प्रश्न विचारले जातात. "बिल खरंच कमी होईल का?" हा पहिला. दुसरा त्याहून खोल असतो: "उद्या काही बिघडलं, तर हा माणूस येईल का?" पॅनेलवर उत्पादक 25 वर्षांच्या कामगिरीची हमी देतो, पण ते बसवणारा पंचवीस वर्षे धंद्यात राहील याची हमी कोणी देत नाही. म्हणून घरमालकाच्या दृष्टीने भरवशाचा अर्थ एवढाच, की हाक मारल्यावर माणूस आला पाहिजे.

यावरून कंपनीचे नाव 'बचत सोलर' किंवा 'भरवसा सोलर' ठेवावे असे वाटू शकते. परंतु मराठी कानाला हे शब्द कोरे नाहीत. 'बचत' म्हटले की महाराष्ट्रात आधी बचत गट आठवतो, मग पतसंस्था. अशी पाटी वाचून एखादी गृहिणी कर्जाची चौकशी करायला आत आली, तर चूक तिची नाही. 'भरवसा' ची अडचण आणखी जुनी आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण घरोघरी ठाऊक असल्याने पहिला बिघाड झाला, की ती कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येणार. जो गुण सिद्ध व्हायचा आहे तोच नावात लिहिला, तर ऐकणारा आपोआप तपासनीस होतो. 'प्रामाणिक किराणा' अशी पाटी पाहून ग्राहक वजनकाट्याकडे जरा जास्तच लक्ष देतो, तसे.

याहून गंभीर चूक म्हणजे यंत्र जे करत नाही ते नावात सांगणे. 'अखंड', 'अविरत', 'चोवीस तास' हे शब्द विजेच्या धंद्यात फार आवडीचे आहेत. मात्र घरांवर बसणारे बहुतेक संच महावितरणच्या लाइनला जोडलेले आणि बॅटरी नसलेले असतात. लाइन गेली की त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तसे तो मुद्दाम करतो, कारण गच्चीवरची वीज बाहेरच्या तारांत गेली, तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे भर दुपारी, डोक्यावर लख्ख ऊन असताना, 'अखंड सोलर' बसवलेल्या घरात पंखा थांबतो. काम अगदी चोख झालेले असले, तरी घरमालकाला फसवल्यासारखे वाटते आणि त्याचे कारण फक्त नाव असते. 'साठवण' हा शब्दही असाच. कानाला गोड लागतो, धान्याच्या कणगीची आठवण देतो, पण ज्या संचात बॅटरीच नाही तो काही साठवत नाही.

'झिरो बिल' आणि 'फुकट वीज' या धर्तीच्या नावांची गत बिल हातात आल्यावर कळते. नेट मीटर बसल्यावर गच्चीवरून गेलेले युनिट वापरातून वजा होतात, म्हणून वीज आकार खूप खाली येतो. पण त्याच्या वरच्या ओळीतला स्थिर आकार वजा होत नाही. वीजजोडणी असेपर्यंत तो दर महिन्याला लागतोच. ज्या घरमालकाला नावाने शून्य सांगितले, त्याला शंभर-दोनशे रुपयांचे बिलही खटकते. ज्याला नुसते 'बिल बरेच उतरेल' असे सांगितले होते, तो त्याच बिलावर खूश असतो.

मग बचत आणि विश्वास दोन्ही न बोलता कसे सुचवायचे? महाराष्ट्रात याची एक जुनी, कसाला उतरलेली वाट आहे, ती म्हणजे आडनाव. किर्लोस्कर हे आडनाव नांगर आणि पंपावर आले आणि शेतकऱ्याने त्याचा अर्थ विचारला नाही. आडनावामागे कोणीतरी माणूस उभा आहे, त्याचे घर माहीत आहे, त्याला गावात तोंड दाखवायचे आहे, एवढे ते सांगते आणि "येईल का?" या प्रश्नाला तेवढे उत्तर पुरते. मर्यादा अशी, की आडनाव बचतीबद्दल काही सांगत नाही आणि ते एकट्याचे राहत नाही. त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाने खऱ्या हेतूने स्वतःच्या नावाने धंदा काढला, तर ट्रेडमार्क कायदा सहसा त्याला अडवत नाही.

दुसरी वाट घरातल्या शब्दांची. ती बारकाईने पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीत बारा वर्षे घरांचे वायरिंग आणि इन्व्हर्टर-बॅटरीची कामे केलेला एक वायरमन आता सोलरची कंपनी काढतो आहे. त्याची यादी सूर्यापासून सुरू होते: सूर्य, रवी, आदित्य, भास्कर, किरण. ही सगळी नावे छान आहेत आणि म्हणूनच ती सगळीकडे आहेत. एका तालुक्यात दोन 'सूर्या' असले, तर एकाच्या तक्रारी दुसऱ्याच्या खात्यावर पडतात.

म्हणून तो सूर्याकडून घराकडे वळतो. 'कवडसा' हा शब्द त्याला फार आवडतो. छपरातून घरात उतरणारे ऊन, इतके नेमके चित्र दुसऱ्या शब्दात नाही. पण कवडसा पडतो तो कौल सरकल्यावर, आणि गच्चीवर सोलर बसवताना घरमालकाची सर्वांत मोठी धास्ती हीच असते, की स्लॅबला भोके पाडली आणि पावसाळ्यात छत गळले तर? हे नाव त्याच भीतीवर बोट ठेवते. 'वाळवण' मध्ये गच्ची, ऊन, वर्षभराची बेगमी असे सगळे एकत्र येते, परंतु शब्द ऐकला की पापड-कुरडयाच आठवतात, आणि फोनवर अर्धवट ऐकू आले, तर 'वाळवी' वाटते. घराशी संबंधित धंद्याला तेवढे एकच नाव नको असते. 'सावली' मायेचा शब्द खरा, पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडली, तरी वीज घटते. सोलरवाल्याने दारावर तोच शब्द लावणे बरे दिसत नाही.

शेवटी त्याच्या कागदावर दोन नावे राहतात, 'घरची वीज' आणि 'घरचं ऊन'. दोन्हींत काम करतो तो 'घरचा' हा शब्द. घरचे दूध, घरची भाजी, घरचे तूप म्हणताना मराठी माणूस दोन गोष्टी एकदम सांगतो: यासाठी दुकानात पैसे मोजले नाहीत, आणि यात भेसळ नाही. बचत आणि खात्री या दोन्ही कल्पना त्या एका शब्दात आधीपासून मुरलेल्या आहेत, त्या वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

यांतली 'घरची वीज' जास्त स्पष्ट आहे, पण तिचा स्पष्टपणाच तिला कायद्यात दुबळा करतो. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार, माल किंवा सेवा कशाची आहे एवढेच सांगणाऱ्या शब्दांवर सहसा एकट्याचा हक्क मिळत नाही. उद्या दुसऱ्याने टेम्पोवर 'घरची वीज' लिहिले, तर त्याला थांबवणे कठीण जाते. 'घरचं ऊन' वीज किंवा सोलर हे शब्द न उच्चारता त्यांच्याकडे नेते, ऐकणाऱ्याला अर्धे पाऊल स्वतः टाकावे लागते. अशा सूचक नावाला संरक्षण मिळण्याची शक्यता अधिक असते. शिवाय पहिले नाव वाया जात नाही. पाटीवर 'घरचं ऊन' मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली 'घरची वीज, गच्चीवर' ही ओळ ठेवता येते.

'घरचं ऊन' मध्येही दोष आहेत. हिंदीत ऊन म्हणजे लोकर, म्हणून हिंदी बोलणारी वस्ती मोठी असेल तिथे हे नाव चालणार नाही. सांगलीत ही अडचण कमी. रोमन लिपीत ते कोणी Un लिहील, कोणी Oon. म्हणून एक स्पेलिंग ठरवून ते पाटी, पावती आणि व्हॉट्सॲप सगळीकडे तेच ठेवावे लागते, आणि दोन्ही स्पेलिंगचे वेबपत्ते घेतलेले बरे.

ठरलेले नाव आधी घराबाहेर तपासावे लागते. ते फोनवर एकदाच सांगायचे आणि समोरच्याला लिहून घ्यायला लावायचे. दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारायचे, की नाव काय होते आणि ते लोक काय करतात. ओळखीच्या वायरमनपेक्षा ज्यांना किलोवॉट म्हणजे काय हे माहीत नाही, अशा सात-आठ गृहिणी आणि निवृत्त माणसे यासाठी जास्त उपयोगाची. कोणाला आवडले हे विचारू नये, कारण मन राखायला सगळे आवडले म्हणतात. कोणाला आठवले, एवढेच मोजावे.

मग नोंदणी. प्रायव्हेट लिमिटेड काढायची असेल, तर कंपनी मंत्रालयाच्या SPICe+ अर्जात नाव सुचवावे लागते. मंजूर झालेले नाव 20 दिवस राखून ठेवले जाते. आधीच्या कंपनीच्या नावात नुसते अनेकवचन करणे, स्पेलिंग थोडे बदलणे किंवा त्याचे इंग्रजीतून हिंदीत भाषांतर करणे याने नाव नवे ठरत नाही. 'नॅशनल' किंवा 'प्राइम मिनिस्टर' यांसारखे सरकारी छाप असलेले शब्द परवानगीशिवाय घेता येत नाहीत. योजनेच्या नावाशी सलगी करणारी नावे इथे अडकतात, आणि ती अडकावीतच, कारण अशा नावाने घरमालकाला दारातला माणूस सरकारी वाटतो. कंपनीचे नाव मंजूर होणे म्हणजे ट्रेडमार्क मिळणे नव्हे. तो अर्ज वेगळा करावा लागतो. बसवण्याची आणि दुरुस्तीची सेवा वर्ग 37 मध्ये येते, आणि स्वतःच्या छापाचे पॅनेल किंवा इन्व्हर्टर विकायचे असतील, तर वर्ग 9 मध्येही. नोंदणी 10 वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण होते.

सर्वांत जास्त घोटाळा एका साध्या ठिकाणी होतो. पाटीवर एक नाव, जीएसटीवर दुसरे, बँक खात्यावर मालकाचे तिसरे. अनुदान हवे असलेला घरमालक सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीतून बसवणाऱ्याला निवडतो. पाटीवर पाहिलेले नाव यादीत सापडले नाही, की तो दुसऱ्याकडे जातो. सापडले, पण पैसे भरायच्या वेळी भलत्याच नावाचे खाते पुढे आले, तर हातातला मोबाइल तिथेच खाली ठेवतो. म्हणून सांगलीच्या त्या वायरमनने पाटी रंगवायला देण्याआधी 'घरचं ऊन' हे नाव एकाच स्पेलिंगमध्ये जीएसटी, बँक, पोर्टल आणि करारपत्र या चारही ठिकाणी घालून घ्यायचे, आणि इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर चिकटवायच्या स्टिकरवर त्याच नावाखाली असा फोन नंबर छापायचा, जो पुढे बदलणार नाही.