भाड्याचा हिशेब चोवीस महिन्यांचा

कोथरूडमधला टू बीएचके पंचवीस हजारांनी सहज जाईल, म्हणजे वर्षाचे तीन लाख, असं एजंट सांगतो आणि दुसरा फ्लॅट घेतलेला माणूस त्याच आकड्यावर पुढची स्वप्नं रचतो. हप्ता किती फिटेल, मुलीच्या शिक्षणाला किती निघतील, सगळं ठरतं. पण भाडं दरमहा येत असलं तरी फ्लॅटचा खर्च दरमहा येत नाही. तो भाडेकरू बदलतो तेव्हा एकदम येतो. म्हणून वर्षाचा नव्हे, तर एक भाडेकरू आल्यापासून दुसरा येईपर्यंतचा हिशेब मांडावा.

आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. धरून चला की भाडेकरू कराराच्या दोन मुदती राहिला, म्हणजे बावीस महिने. मग त्याने नोकरी बदलली किंवा स्वतःचं घर घेतलं. त्यानंतर रंगकाम, एजंटांच्या फेऱ्या, बघायला येणारी कुटुंबं आणि सोसायटीच्या कार्यालयातले सोपस्कार यांत दोन महिने सहज जातात. म्हणजे चोवीस महिन्यांत भाडं मिळालं बावीस महिन्यांचं, साडेपाच लाख. कागदावरचे सहा लाख इथेच पन्नास हजारांनी उतरले.

आता खर्च. मेंटेनन्स महिना तीन हजार धरला तर तो चोवीस महिने भरायचा, कारण कुलूप असलं म्हणून सोसायटी सूट देत नाही. फ्लॅट भाड्याने दिला की वर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागतो. महाराष्ट्रात २००१ पासून त्यावर मर्यादा आहे: सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि तेही मिळकतकराचा भाग वगळून. एखादी सोसायटी अख्ख्या मेंटेनन्सवर टक्केवारी लावत असेल तर बिल मागून बघावं. आपल्या उदाहरणात तो महिना दोनशे धरू. दोन्ही मिळून चोवीस महिन्यांचे ७६,४०० होतात.

पुण्यात मिळकतकराची एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. महापालिका देते ती ४० टक्क्यांची सवलत मालक स्वतः राहत असेल तरच. फ्लॅट भाड्याने दिला की ती जाते. आधी बारा हजार भरत असाल तर ढोबळमानाने वीस हजार भरावे लागतील, दोन वर्षांचे चाळीस.

आणि भाडेकरू बदलण्याचा खर्च. एजंट मालकाकडून बहुधा एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो, म्हणजे पंचवीस हजार. रंग, साफसफाई, गळके नळ, निखळलेल्या कड्या यांचे तीस हजार. दोन करारांचे पाच हजार धरा. यात मुद्रांक शुल्क फारच थोडं असतं, एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि डिपॉझिटपोटी किंचित वर. या फ्लॅटला एका कराराचे सातशेच्या आसपास. तेवढे वाचवायला करार नोंदवायचा टाळणं हा वेडेपणा आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि वाद झाला तर नोंदवलेला करारच कामाला येतो.

दुरुस्तीचा आकडा नेमका सांगता येत नाही. मी महिना दोन हजार बाजूला टाकायला सांगतो, दोन वर्षांचे ४८ हजार. ऐकायला जास्त वाटतात. पण गीझर गेला, पाठोपाठ खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला आलेली ओल दाखवायला बोलावलं, की त्यांची शान संपते. आदर्श उपविधींनुसार आपल्या न्हाणीघरातून, सिंकमधून होणारी गळती ही सभासदाची जबाबदारी आहे, सोसायटीची नाही. टाइल्स फोडायच्या, वॉटरप्रूफिंग करायचं, ते वाळू द्यायचं, पुन्हा टाइल्स बसवायच्या. भाडेकरू राहत असताना हे काम करणं म्हणजे त्याला घालवणंच. म्हणून ते रिकाम्या दोन महिन्यांत उरकावं. फ्लॅट हातात आला की पहिल्याच दिवशी न्हाणी ट्रॅपचं तोंड कापड कोंबून बंद करायचं, जमिनीवर दोन बोटं पाणी उभं करायचं आणि चोवीस तासांनी खाली जाऊन छत बघायचं. डाग दिसला तर रंगाऱ्याला थांबवायचं, आधी प्लंबर. रंग आधी आणि गळती नंतर, असं झालं की दोन्ही खर्च पुन्हा करावे लागतात.

इमारत पंधरा वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी प्रत्येक सभासदावर येते. ती या दोन हजारांत बसत नाही. सर्वसाधारण सभेची सूचना वाचायची सवय लावून घ्यावी, म्हणजे वर्षभर आधी कळतं.

आता कर. भाडं सरळ उत्पन्नात मिळवलं जात नाही. मिळालेल्या भाड्यातून आपण प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मेंटेनन्स, दलाली, रंग, प्लंबर हे सगळं या ३० टक्क्यांतच धरलेलं असतं, त्याच्या पावत्या वेगळ्या चालत नाहीत. आपल्या उदाहरणात साडेपाच लाखांतून चाळीस हजार गेले, ५,१०,००० उरले. त्याचे ३० टक्के १,५३,०००. आपला याच बाबींवरचा खरा खर्च मात्र १,८४,४००. म्हणजे ३१ हजारांहून अधिक रकमेवर आपण कर भरतो, जी रक्कम खिशात आलेलीच नाही. फ्लॅट आपल्याला परवडतोय का हे तपासायला मला ही तुलना सर्वांत उपयोगी वाटते.

करपात्र उरतात ३,५७,०००. मालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह १,११,००० च्या वर जातात. सगळं वजा करून दोन वर्षांत हातात राहतात २ लाख १४ हजार, महिन्याला नऊ हजारांच्याही आत. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला साडेदहा हजारांच्या आसपास. फ्लॅटवर कर्ज असेल तर व्याजाची वजावट मिळते आणि कर कमी होतो, पण नव्या कररचनेत या घराचा तोटा पगारातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. जुन्या रचनेत वर्षाला दोन लाखांपर्यंत करता येतो. हप्ता मोठा असेल तर रचना निवडण्याआधी हे एकदा मांडून बघावं. पगारदाराला आणखी एक: भाड्यावरचा कर कोणी आपोआप कापत नसेल आणि वर्षाची बाकी दहा हजारांवर जात असेल, तर आगाऊ कर तिमाहीच्या तारखांना भरायचा, नाहीतर व्याज लागतं.

व्यवहारात करायचं एवढंच की भाड्यासाठी वेगळं बचत खातं उघडायचं आणि त्यातून महिन्याला नऊ हजारच घरखर्चाला घ्यायचे. डिपॉझिटचे पाऊण लाख त्यात मिसळायचे नाहीत, त्यांची मुदतठेव करायची. ते परत द्यायची वेळ येते ती नेमकी भाडं थांबतं त्याच महिन्यात.

हा हिशेब सर्वांत जास्त कामाला येतो तो करार संपताना. शेजारच्या फ्लॅटला साडेसत्तावीस हजार मिळाले, आपल्या भाडेकरूला ते देणं जमत नाही, काढायचं का? काढला तर दोन महिन्यांचे पन्नास हजार, दलालीचे पंचवीस, रंगाचे तीस, एकूण एक लाख पाच हजार गेले. महिन्याला अडीच हजार जास्त घेऊन ते भरून यायला बेचाळीस महिने लागतील. बाराशे रुपयांची वाढ मान्य करून जुन्याच भाडेकरूबरोबर नवा करार नोंदवावा.