नव्या क्रमांकावरचा निरोप

समजा, ताई लोणी काळभोरला वसतिगृहात राहून शिकते आहे. सोलापूरला आईच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून निरोप येतो : ‘आई, फोन पाण्यात पडला. हा नवा नंबर. फी आजच भरायची आहे, १८,००० पाठव. माइक बिघडलाय, बोलता येणार नाही.’

वाचकहो, आधी त्यातले कारणच पाहा. क्रमांक फोनचा नसतो, सिमकार्डाचा असतो. फोन भिजला तर सिम दुसऱ्या फोनमध्ये चालते. सिम हरवले तरी कंपनी त्याच क्रमांकाचे दुसरे देते. मग नवा क्रमांक कशाला? शंकेला एवढे पुरे, पण हा पुरावा नव्हे.

तापमापकाविषयी शंका आली, तर त्याच तापमापकाने पुन्हा मोजून काय कळणार? दुसरा घ्यावा लागतो. म्हणून ‘तू ताईच ना?’ असे त्याच नव्या क्रमांकावर विचारणे व्यर्थ. आईने ताईचा जुना क्रमांक लावावा. तो बंद असला, तरी निरोप खरा ठरत नाही. तास चालू असतानाही फोन बंद असतो! मग मैत्रिणीला किंवा वसतिगृहात फोन करावा, तोही घरी आधीपासून लिहून ठेवलेल्या क्रमांकावर. छायाचित्र कोणीही उचलतो, आवाजाचीही आता नक्कल होते.

यूपीआयचा पिन घालण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. ते परके असेल, तर ‘मैत्रिणीचे खाते आहे’ हे उत्तर पुन्हा त्याच तापमापकाचे.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. ते पुढच्या खात्यातून काढले गेले नसतील, तर तिथेच गोठवता येतात.