स्वरांचा वाटा

1913 साली आंद्रेई मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली 20,000 अक्षरे तपासली. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता 0.128 निघाली, व्यंजनानंतर स्वर येण्याची 0.663. एवढ्यावरून सगळ्या मजकुरातला स्वरांचा वाटा काढता येतो, हे मला फार सुंदर वाटते.

हा वाटा v धरा. एक अक्षर पुढे सरकल्यावरही तो तेवढाच राहायला हवा: v = 0.128v + 0.663(1 − v). म्हणजे आपल्याला असा सदिश हवा, जो संक्रमण सारणीने गुणला तरी जसाच्या तसा राहतो; त्याचे आयगेनमूल्य 1. उत्तर येते 0.432. मार्कोव्ह यांनी मोजलेले स्वर होते 8,638, म्हणजे तेवढाच वाटा.

संगणकाने दिलेल्या सदिशाची बेरीज मात्र बहुधा 1 नसते. प्रत्येक घटकाला त्या बेरजेने भागावे. एक घटक धन आणि दुसरा ऋण दिसला, तर तो दुसऱ्याच आयगेनमूल्याचा सदिश समजावा.