पोटातली कालवाकालव (अंगाचे वाक्प्रचार : भाग ७)

गेल्या आठवड्यात डोळ्यांवरचे वाक्प्रचार पाहिले. आता पोटाकडे आणि काळजाकडे वळू.

दहावीच्या निकालाचा दिवस घ्या. एक वाजायची वाट पाहणाऱ्या पोराच्या पोटात गोळा येतो. संकट अजून समोर उभं राहिलेलं नसतं, फक्त येऊ घातलेलं असतं, तेव्हाची ही भीती. यात कल्पनेपेक्षा शरीराचाच भाग जास्त आहे. भीतीने अॅड्रेनलिन वाढतं, आतड्यांकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं. निकालाचं पान उघडल्यावर गणितापुढे नापास दिसतं आणि काळजात धस्स होतं. हे क्षणाचं काम. धस्स तासभर होत राहत नाही. तासभर चालते ती धाकधूक.

पोराचा पडलेला चेहरा पाहून आईच्या पोटात मात्र कालवतं. ताटात भात आणि आमटी बोटांनी एकजीव करणं म्हणजे कालवणं, तेच इथे पोटात चालतं. पोटात कालवतं ते बहुतेक दुसऱ्यासाठी. स्वतःच्या मुलाखतीला निघालेला माणूस ‘माझ्या पोटात कालवतंय’ म्हणाला, तर ऐकणारा बहुधा ओव्याचा डबा काढील. शिवाय या वाक्याला कर्ता नाही. आई काही कालवत नाही, तिच्या पोटात आपोआप कालवतं. धस्सचंही तेच: ते होतं, कुणी करत नाही.

दुसऱ्याच्या दुःखाची जागा पोटात का? मराठीत मूल पोटी येतं, पोटचं असतं, म्हणून मायाही तिथलीच. लेकरासाठी तुटतं तेही आतडंच. हिब्रूत करुणेला ‘रहमीम’ म्हणतात आणि गर्भाशयाला ‘रेहेम’, मूळ एकच. म्हणजे कल्पना आपल्या एकट्याची नाही, पण भात कालवणाऱ्या बोटांचं चित्र आपलंच.

काळजाची गंमत वेगळी. धडधडतं ते हृदय, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की पुड्यात यकृत येतं. फारसीतही लाडक्या माणसाला ‘जिगर’ म्हणतात, म्हणजे यकृतच. भावना हृदयात असतात हे सगळीकडे ठरलेलं नाही.

अलीकडे मालिकांतल्या नायिकांच्या पोटात फुलपाखरं उडू लागली आहेत. इंग्रजीची ही उसनवारी मला पूर्वी खटकायची, आता तितकी नाही. गोळ्यात निव्वळ भीती आहे, मनात लाडू फुटतात तेव्हा निव्वळ आनंद आणि हुरहुरीत थोडी उदासी मिसळलेली. आवडत्या माणसाला पहिल्यांदा भेटायला जाताना भीती आणि आनंद एकदमच असतात, आणि त्यांच्यासाठी पोटातला एकच वाक्प्रचार शोधायला गेलो तर मला सापडत नाही. फुलपाखरांना शिरायला जागा मिळाली ती इथेच. कालवाकालवीच्या जागी मात्र त्यांना कुणी बसवू नये. पोरगं नापास झालं म्हणून आईच्या पोटात फुलपाखरं कशी उडतील?

पुढच्या आठवड्यात नाक.