बूट धुवायचे, पण पिळायचे नाहीत

कारखान्यात बुटाचा तळ चिकटवताना गोंद ओला असेपर्यंत काहीच जोडत नाहीत. तळाला आणि वरच्या कापडाला गोंदाचा हात देतात आणि तो वाळू देतात. मग दोन्ही भाग एका छोट्या भट्टीत ६०-७० अंशांच्या आसपास तापवतात. वाळलेला गोंद उष्णतेने पुन्हा चिकट होतो, तेवढ्यात दोन्ही भाग यंत्रात दाबून एक केले जातात. बहुतेक स्पोर्ट्स शूज असेच बनतात.

आता हेच बूट घरी वॉशिंग मशीनमध्ये जातात. फ्रंट लोडच्या डायलवर ‘कॉटन’ लावलं, की अनेक मशीन स्वतःहून ४० किंवा ६० अंशांचं पाणी निवडतात. म्हणजे कारखान्यात ज्या उष्णतेने गोंद मऊ केला होता, जवळपास तीच उष्णता त्याला पुन्हा मिळते आणि त्याच वेळी बूट ड्रममध्ये वाकतो, आपटतो, पिरगळतो. आठवडाभराने चवड्यापाशी तळ उघडला, की दोष पाण्यावर ढकलला जातो. खरं तर तासाभराच्या थंड पाण्याने चांगल्या गोंदाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते उष्णतेने. म्हणून मशीनमध्ये जाणाऱ्या बुटांना साधं थंड पाणी, फार तर ३० अंश.

शाळेच्या पी.टी.चे पांढरे कॅनव्हास बूट या बाबतीत जास्त सोशिक असतात. त्यांच्या कडेने फिरलेली रबराची पट्टी नीट पाहिली, तर तळ आणि कापड यांना ती सगळीकडून बांधून ठेवते असं दिसतं. जुन्या पद्धतीच्या अशा बुटांत पट्टी, तळ आणि कापड जोडून अख्खा बूट भल्यामोठ्या कुकरसारख्या बंद भांड्यात शंभर अंशांच्या वर शिजवतात. रबर तिथे पक्कं होतं आणि सांधा एकजीव होतो. कोमट पाण्याने तो सुटत नाही. तो सुटतो वयाने, उन्हाने आणि सतत वाकण्याने. धुण्याआधी बूट चवड्यापाशी हाताने वाकवावा आणि पट्टीच्या कडेकडे पाहावं. फटीत कागदाचं टोक सरकत असेल, तर आधी मोची, मग मशीन. उघड्या फटीत पाणी आणि माती शिरली, की नंतर लावलेलं सोल्यूशनही नीट धरत नाही.

काळे स्कूल शूज मात्र मशीनच्या वाटेला पाठवूच नयेत. त्यांच्यात बऱ्याचदा तळ पीव्हीसीचा आणि थेट साच्यातच बुटाला जोडलेला असतो, त्यामुळे गोंदाची भीती तिथे कमी. पण वरचं आवरण रेक्झिनच्या जातीचं असतं. आपटून आपटून त्याचा थर घडीवर तडकतो आणि पापुद्रे निघू लागतात. आतल्या तळव्याखाली पुठ्ठ्यासारखा कडक थर असेल, तर तो फुगून वाकडा होतो आणि मुलाच्या पायाला टोचतो. ओलं फडकं, थोडा साबण आणि जुना टूथब्रश यांनी पाच मिनिटांत होणाऱ्या कामासाठी एवढी जोखीम कशाला?

गोंदाची काळजी अशी घेतली तरी मशीनची चिंता उरतेच. ड्रममध्ये बूट धडधडतात तो आवाज भीतिदायक वाटतो खरा, पण धुण्याच्या वेळी ड्रम हळू फिरतो आणि टॉवेल सोबत असले तर तो मार किरकोळ असतो. खरा घात पिळताना होतो. पाणी प्यायलेली बुटांची जोडी साधारण १ किलोची धरू. कपड्यांसारखी ती ड्रमभर पसरत नाही, एका बाजूला गोळा होते. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १००० फेरे असेल, तर ही १ किलोची जोडी ड्रमला एका बाजूला जवळपास २७० किलोच्या जोराने ओढते. वेग ४०० वर आणला, की तो जोर ४३ किलोंच्या आसपास येतो. वेग अडीचपट कमी, जोर मात्र सहापटीने कमी. हा ओढा सोसतात मागचं बेअरिंग, ड्रम धरून ठेवणारा तीन हातांचा सांगाडा आणि शॉक ॲब्झॉर्बर. नव्या मशीन तोल बिघडलेला ओळखतात, पुन्हा पुन्हा घुसळून पाहतात आणि शेवटी पिळायला नकार देतात. काही मशीनच्या पडद्यावर तेव्हा UE अशी अक्षरं येतात. ती दिसली, की पुन्हा बटण दाबत बसण्यात अर्थ नाही. बूट बाहेर काढावेत.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तर पिळण्याचा डबा अरुंद आणि त्याचा वेग मिनिटाला हजाराच्या वर. तिथे बूट घालूच नयेत.

समजा, ७ किलोचं फ्रंट लोड आहे आणि कोकणातल्या तांबड्या चिखलाने माखलेली कॅनव्हासची एक जोडी आहे. चिखल ओला असताना घासला, तर ती माती कापडाच्या विणीत आणखी खोल जाते. आधी तो पूर्ण वाळू द्यावा, मग कोरड्या ब्रशने झटकावा. तळाच्या खाचांत अडकलेले खडे काडीने काढावेत. एखादा खडा ड्रम आणि दाराच्या रबरामध्ये सापडला, तर रबर कापलं जातं. नाड्या आणि आतले तळवे काढून घ्यावेत. नाड्या वेगळ्या जाळीच्या पिशवीत घालाव्यात, नाहीतर त्या दाराच्या रबरात गुंततात. टॉप लोडमध्ये तर खालच्या फिरत्या चकतीभोवती अडकतात. वेल्क्रो असेल, तर तो बंद करावा. बुटांना पांढरं पॉलिश लावलेलं असेल, तर ते आधी हाताने धुऊन टाकावं, कारण ती पांढरी पूड सुटून टॉवेलवर आणि रबराच्या घडीत बसते.

मग बूट एका उशीच्या अभ्र्यात घालून त्याचं तोंड बांधावं आणि सोबत दोन जुने टॉवेल टाकावेत. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, थंड पाणी, जादा खंगाळणं चालू आणि ‘स्पिन’ बंद. भर पावसात वाळायची पंचाईत असेल, तर फार तर ४००. त्याहून कमी वेग मशीनवर नसेल, तर पाणी नुसतं काढून टाकावं. पावडरऐवजी द्रव डिटर्जंट, तोही दोन चहाचे चमचे. जाड कॅनव्हासमधून पावडर सहज निघत नाही. बूट वाळताना पाणी कडेकडे सरकतं, सोबत उरलेला साबण नेतं आणि रबराच्या वर पिवळी रेघ उमटते. ब्लीच तर टाकूच नये. तांबड्या मातीतलं लोह त्याने जात नाही आणि रबर मात्र खराब होतं.

वाळवताना बूट सावलीत, पंख्याखाली, वारं खेळेल अशा जागी. आत सुती फडकं किंवा कोरा कागद कोंबावा आणि ओला झाला की बदलावा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या अस्तराला लागू शकते. ड्रायर, हेअर ड्रायर, तापलेल्या गाडीचा डॅशबोर्ड या सगळ्या ठिकाणी गोंदाला पुन्हा तीच भट्टी मिळते. पावसाळी हवेत पूर्ण वाळायला दोन दिवस सहज लागतात, तेव्हा सोमवारच्या तासासाठी बूट शनिवारी सकाळीच धुतलेले बरे.

मशीनचं काम मात्र लगेच उरकावं. दाराच्या रबराची खालची घडी बोटाने उलटी करून वाळू पुसून काढावी आणि खालचा ड्रेन फिल्टर उघडून पाहावा. पुढच्या वेळी कपडे पिळताना खालून घरघर ऐकू आली आणि रिकामा ड्रम हाताने फिरवतानाही ती राहिली, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. रिकामा ड्रम निवांत फिरत असेल आणि खडखड फक्त पाणी बाहेर जाताना येत असेल, तर पंपात बहुधा एखादा खडा गेलेला असतो आणि तो फिल्टरच्या वाटेने काढता येतो.