५४ गुण म्हणजे नेमके कुठे?

मुलगी १००पैकी ५४ गुण घेऊन घरी आली की पहिला प्रश्न येतो, "बाकीच्यांना किती?" त्याचे उत्तर आलेख कागदावरची एकच रेघ देऊ शकते.

समजा, परीक्षेला ८० मुले बसली. ० ते २० गुणांच्या गटात ४ मुले, २० ते ४० मध्ये १६, ४० ते ६० मध्ये ३०, ६० ते ८० मध्ये २२ आणि त्यावर ८. बरोबर ४० मिळवणारा पुढच्या गटात मोजायचा. आता हे आकडे एकात एक मिळवत जायचे. २० पेक्षा कमी गुणांची मुले ४, ४० पेक्षा कमी २०, ६० पेक्षा कमी ५०, ८० पेक्षा कमी ७२ आणि शेवटी सगळी ८०. ही झाली संचित वारंवारता. आडव्या अक्षावर गुण, उभ्या अक्षावर मुले घेऊन हे बिंदू जोडले की रेघ डावीकडून उजवीकडे चढत जाते.

ती वाचायची उभ्या अक्षावरून. ८० चे निम्मे ४०. तिथून आडवे रेघेपर्यंत जाऊन खाली उतरलो की ५३ च्या जरा पुढे पोचतो. हा मध्यक. म्हणजे ५४ गुणांची मुलगी मधल्या मुलाच्या किंचित पुढे आहे. तसेच २० वरून खाली उतरले की पहिले चतुर्थक ४० मिळते, ६० वरून तिसरे चतुर्थक साधारण ६९. मधली निम्मी मुले या २९ गुणांच्या पट्ट्यात आहेत.

७० आणि त्याहून जास्त गुण किती जणांना? आता उलट जायचे. ७० वरून वर चढून रेघेला भिडलो की डावीकडे ६१ दिसतात. पण ही ७० पेक्षा कमी गुणांची मुले. उत्तर ८० वजा ६१, म्हणजे १९. ही वजाबाकी अनेकदा राहून जाते.

दुसरी चूक बिंदू मांडताना होते. ४ मुले २० च्या आत पूर्ण होतात, म्हणून बिंदू २० वर हवा. तो गटाच्या मध्यावर, १० वर, मांडला तर सगळी रेघ डावीकडे सरकते आणि मध्यक ४३ येतो. ओळखायची खूण सोपी आहे. शेवटचा बिंदू १०० वर नसून ९० वर आला, तर चूक तिथेच आहे.

एक मर्यादा मात्र रेघेचीच. गटातली मुले सारखी पसरली आहेत असे ती धरून चालते. त्या हिशोबाने ३५ च्या खाली १६ मुले दिसतात. पण काठावरच्यांना वाढीव गुण देऊन ३५ वर आणले असेल, तर प्रत्यक्ष नापास कमी असतील. त्यासाठी गुणपत्रकच उघडावे लागते.